अग्निशामक केंद्रांची किमान संख्या : सीमाभागाच्या नकाशावरील एक गणिती विचार

एखाद्या प्रदेशात गावे अनेक आहेत आणि आगीचे बंब थोडे आहेत. प्रत्येक गावी अग्निशामक केंद्र स्थापणे परवडत नाही. परंतु कोणतेही गाव अगदी निराधार राहू नये, अशी अपेक्षा असते. निदान इतके तरी व्हावे, की प्रत्येक गावात स्वतःचे केंद्र असावे किंवा ज्या गावाशी ते रस्त्याने थेट जोडलेले आहे अशा एखाद्या शेजारच्या गावी तरी ते असावे. एवढी एकच अट पाळायची, तर कमीत कमी किती केंद्रे लागतील, आणि ती कोणत्या गावी ठेवावी? हा प्रश्न ऐकताना कारभाराचा वाटतो. वस्तुतः तो शुद्ध गणिताचा आहे. त्याचे उत्तर शोधण्याची रीत बेळगाव व निपाणी या परिचित मुलखाच्या आधारे समजावून देण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गणिताच्या ज्या शाखेत हा प्रश्न मोडतो, तिला आलेख-सिद्धांत म्हणतात. येथे आलेख म्हणजे चढउताराची रेषा नव्हे. काही बिंदू आणि त्यांतील काही जोड्यांना सांधणाऱ्या रेषा, एवढेच त्याचे स्वरूप असते. गाव हा बिंदू, आणि दोन गावांना थेट जोडणारा रस्ता ही रेषा. रेषा किती वाकडी आहे, बिंदू कागदावर नेमका कोठे काढला आहे, यांना महत्त्व नाही; कोण कोणाचा शेजारी आहे, एवढेच पाहावयाचे. अशा आलेखातील काही बिंदूंचा एक संच असा निवडला, की प्रत्येक बिंदू एकतर त्या संचात आहे किंवा संचातील कोणाचा तरी शेजारी आहे, तर त्या संचास इंग्रजीत 'डॉमिनेटिंग सेट' म्हणतात. आपण त्याला 'आधिपत्य-संच' म्हणू. ही संज्ञा ऑयस्टीन ओर या नॉर्वेजियन गणितज्ञाने १९६२ साली आपल्या आलेख-सिद्धांतावरील ग्रंथात रूढ केली. क्लोद बेर्ज या फ्रेंच गणितज्ञाने तीच कल्पना १९५८ साली निराळ्या नावाने मांडली होती. तिचे मूळ मात्र बुद्धिबळाच्या पटावर आहे. पटावरील प्रत्येक घर व्यापले जावे किंवा माऱ्यात यावे यासाठी किती वजीर लागतात, याचा विचार यानिश या रशियन लेखकाने १८६२ साली केला होता. उत्तर पाच असे आहे. पटावरील घरांच्या जागी गावे आणि वजिराच्या चालीच्या जागी रस्ते घातले, की बंबांचा प्रश्न तयार होतो.

आता आपला नकाशा मांडू. पूर्वापार बेळगाव जिल्ह्यात गणली जाणारी बारा गावे घेऊ : निपाणी, चिकोडी, संकेश्वर, हुक्केरी, गोकाक, बेळगाव, खानापूर, कित्तूर, बैलहोंगल, सौंदत्ती, रायबाग आणि अथणी. पुणे-बंगळूर महामार्गाने निपाणी संकेश्वराशी, संकेश्वर बेळगावाशी आणि बेळगाव कित्तुराशी जोडले आहे. निपाणीहून चिकोडीस आणि चिकोडीहून संकेश्वरास रस्ता आहे. चिकोडीहून रायबाग व रायबागेहून अथणी, अशी पूर्वेकडची वाट आहे. संकेश्वराहून हुक्केरी व तेथून गोकाक गाठता येते. बेळगावाहून गोकाक, खानापूर व बैलहोंगल या तिन्ही गावांना रस्ते जातात. बैलहोंगल एका बाजूने कित्तुराशी व दुसऱ्या बाजूने सौंदत्तीशी जोडलेले आहे, आणि सौंदत्ती गोकाकाशी. एकूण पंधरा रस्ते झाले. कित्येक आडरस्ते येथे बुद्ध्याच गाळले आहेत. वाचकाने आपल्या माहितीप्रमाणे ते घालून पाहावेत, रीत तीच राहील. तसेच आज प्रत्यक्षात कोणत्या गावी केंद्र आहे, याच्याशीही आपल्याला कर्तव्य नाही. पाटी कोरी आहे असे समजून चालू.

सामान्य मनुष्य प्रथम सर्वांत जास्त रस्ते जेथे मिळतात ते गाव शोधील. असे गाव अर्थातच बेळगाव. तेथे केंद्र ठेवले, की बेळगावासह संकेश्वर, गोकाक, खानापूर, कित्तूर व बैलहोंगल अशा सहा गावांची सोय होते. निम्मा नकाशा एका केंद्रात आटोपला! मग उरलेला निम्मा आणखी एक-दोन केंद्रांत आटोपेल, असे वाटू लागते. येथेच थांबून उलट्या बाजूने विचार करावयास हवा. किती केंद्रे पुरतील, हे एखादी मांडणी करून दाखविता येते. परंतु त्याहून कमी पुरणारच नाहीत, हे कसे दाखवावयाचे? शेकडो मांडण्या करून पाहिल्या आणि जमले नाही, एवढ्याने सिद्धता होत नाही.

यासाठी एक सुंदर युक्ती आहे. नकाशातील अशी काही गावे साक्षीदार म्हणून निवडावीत, की ज्यांचे रक्षक परस्परांहून सर्वस्वी भिन्न आहेत. अथणीचा विचार करा. आपल्या नकाशात तिला रायबाग हाच एक शेजार आहे. म्हणून अथणीच्या रक्षणासाठी केंद्र अथणीस किंवा रायबागेस असलेच पाहिजे. खानापुराला बेळगावाखेरीज शेजार नाही; त्याच्यासाठी खानापूर किंवा बेळगाव यांपैकी एक ठिकाण हवेच. निपाणीचे रक्षण निपाणी, संकेश्वर वा चिकोडी येथूनच होऊ शकते. सौंदत्तीचे रक्षण सौंदत्ती, बैलहोंगल वा गोकाक येथून. आता हे चार गट शेजारी शेजारी मांडून पाहा. एकही गाव दोन गटांत येत नाही. म्हणजे कोणतेही एक केंद्र या चार साक्षीदारांपैकी दोघांचे समाधान करू शकत नाही. तेव्हा चार साक्षीदारांना निदान चार केंद्रे लागणारच. तीन केंद्रांत भागविण्याचा आग्रह कोणी कितीही धरला, तरी या चारांपैकी एक गाव उघडे पडेल, आणि ते कोणते हे आपण बोट ठेवून सांगू शकू.

चार पुरतात काय? बेळगाव, रायबाग, संकेश्वर आणि सौंदत्ती घ्या. बेळगावाने सहा गावे राखली. रायबागेने स्वतःसह चिकोडी व अथणी राखली. संकेश्वराने निपाणी व हुक्केरी राखली, आणि सौंदत्ती आपल्यापुरती पुरली. बारा गावे पूर्ण झाली. खालची मर्यादा चार आणि प्रत्यक्ष मांडणीही चार. म्हणून या नकाशाचे उत्तर निश्चितपणे चार होय. अशा प्रश्नांत उत्तर खरे की खोटे हे ओळखण्याची खूण हीच. मांडणी आणि साक्षीदार यांची संख्या जुळली, की वाद संपतो. मात्र प्रत्येक नकाशात ती जुळतेच असे नाही. आणि जुळत नाही तेथेच हा प्रश्न कठीण होतो.

चार केंद्रांची मांडणी एकच आहे काय? नाही. प्रत्येक गटातून नेमके एक गाव घ्यावयाचे हे वर ठरलेच आहे. खानापुराच्या गटातून खानापूरच घेतले असे समजा. मग कित्तुरासाठी बैलहोंगल घेणे भाग पडते, कारण कित्तूर व बेळगाव आता निवडीत नाहीत; आणि सौंदत्तीच्या गटातून बैलहोंगल घेतले, की गोकाकाला कोणी वाली उरत नाही. म्हणून बेळगाव अटळ आहे. त्याच्या जोडीला रायबाग किंवा अथणी यांपैकी कोणतेही चालते. पुढे दोन वाटा फुटतात. संकेश्वर घेतले तर सौंदत्ती, बैलहोंगल, गोकाक यांपैकी कोणतेही एक पुरते. संकेश्वराऐवजी निपाणी किंवा चिकोडी घेतली, तर हुक्केरीचा भार गोकाकावर पडतो, म्हणून तेथे गोकाकच हवे. अशा रीतीने एकूण दहा मांडण्या होतात. निपाणीकरांना आपल्या गावी केंद्र हवे असेल, तर त्यासाठी पाचवे केंद्र मागण्याची गरज नाही. पण त्याची किंमत म्हणून केंद्र गोकाकास असले पाहिजे, हे त्यांनी मान्य करावयास हवे. गणित येथे कोणाची बाजू घेत नाही. एका मागणीमागे दुसरी कोणती मागणी दडली आहे, तेवढे उघड करते.

येथवर सर्व काम हातांनी झाले. परंतु गावे वाढली, की हे सुख राहत नाही. 'प्रत्येक पायरीला सर्वाधिक नवी गावे राखणारे ठिकाण घ्या' ही लोभी रीत सहज सुचते आणि बहुधा बरी चालते. पण ती फसविते कशी, हे एका लहानशा उदाहरणाने दिसेल. एकाच सरळ रस्त्यावर ओळीने सहा गावे आहेत. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या गावातील केंद्र प्रत्येकी तीन गावे राखते. चौघांचे बळ सारखेच. लोभी मनुष्याने तिसरे गाव निवडले, तर दुसरे, तिसरे व चौथे राखले गेले. मग पाचव्याने पाचवे व सहावे राखले. पण पहिले गाव एकटे उरले, आणि त्याच्यासाठी तिसरे केंद्र लागले. आरंभीच दुसरे गाव व मग पाचवे निवडले असते, तर दोन केंद्रांत काम झाले असते. पहिल्या पावलाची चूक शेवटी कळते, ही या रीतीची खोड आहे. सर्व शक्यता तपासाव्यात, तर बारा गावांच्या एकूण निवडी ४०९६ होतात. साठ गावांच्या निवडी एकावर अठरा शून्ये लिहून होणाऱ्या संख्येहूनही अधिक. १९७० च्या दशकात असे सिद्ध झाले, की हा प्रश्न एका अतिकठीण कुळातील आहे. त्या कुळातील एकाही प्रश्नावर सर्व नकाशांना लागू पडेल अशी झटपट रीत कोणाला सापडली, तर ती कुळातील सर्वच प्रश्नांना सापडेल. अशी रीत अद्याप कोणाला सापडलेली नाही. एक दिलासा मात्र ओरच्या ग्रंथात आहे : कोणतेही गाव अगदी एकाकी नसेल, तर एकूण गावांच्या निम्म्याहून अधिक केंद्रे कधीच लागत नाहीत. आपल्या बारा गावांना कसाही नकाशा दिला, तरी सहा पुरतीलच.

आता केंद्र असणे म्हणजे बंब हजर असणे, असे आपण धरले आहे. ते सदैव खरे नसते. संकेश्वराचा बंब निपाणीच्या तंबाखूच्या वखारीकडे धावला, की त्याच वेळी हुक्केरी उघडी पडते. अशा प्रसंगी शेजारच्या केंद्राने आपला एक बंब पुढे सरकवून रिकामी जागा भरावी, अशी व्यवस्था इष्ट असते. आणि तिच्यासाठी केंद्रे एकमेकांची शेजारी असावी लागतात. एका केंद्रापासून दुसऱ्या कोणत्याही केंद्रापर्यंत केंद्रांच्याच साखळीने जाता यावे, अशी वाढीव अट घातलेल्या संचाचा अभ्यास ई. संपतकुमार व एच. बी. वालीकर या दोघा गणितज्ञांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात केला. जोडलेल्या आधिपत्याची ही कल्पना पुढे जगभर अभ्यासिली गेली. ती ज्या कर्नाटक विद्यापीठाच्या गणित विभागाशी निगडित आहे, ते विद्यापीठ बेळगावच्या शेजारी धारवाडास आहे, ही गोष्ट आपल्या वाचकांना ठाऊक असावी.

आपल्या नकाशावर ही अट लावून पाहू. ज्या गावातून गेल्याशिवाय नकाशाचे दोन भाग एकमेकांस भेटूच शकत नाहीत, ते गाव साखळीत असलेच पाहिजे. अथणीकडे जाणारी वाट रायबागेतून जाते, रायबागेकडची चिकोडीतून, चिकोडी-निपाणीकडची संकेश्वरातून आणि खानापूरची बेळगावातून. म्हणून रायबाग, चिकोडी, संकेश्वर व बेळगाव ही चारही अटळ झाली. या चौघांनी सौंदत्ती वगळता सारा मुलूख राखला जातो. सौंदत्तीसाठी गोकाक किंवा बैलहोंगल हे पाचवे केंद्र घेतले, की साखळी पूर्ण होते. म्हणजे परस्परसाहाय्याची किंमत येथे फक्त एक जादा केंद्र आहे. नकाशा निराळा असता, तर ती पुष्कळ जास्त पडली असती; म्हणून ती प्रत्येक वेळी मोजूनच पाहिली पाहिजे.

याहून मोठी उणीव 'शेजारी' या शब्दातच आहे. निपाणी ते संकेश्वर हे अंतर सुमारे २५ किलोमीटर, तर संकेश्वर ते बेळगाव सुमारे ५० किलोमीटर. आलेखाला दोन्ही रेषा सारख्याच. आगीला मात्र तो फरक चांगला समजतो. म्हणून प्रत्यक्ष नियोजनात रेषा रस्त्यावरून न काढता वेळेवरून काढतात : ठरविलेल्या मिनिटांत बंब पोहोचत असेल तरच दोन ठिकाणे शेजारी. तातडीच्या सेवांची केंद्रे कोठे असावीत, यावर टोरेगस, स्वेन, रेव्हेल व बर्गमन या चौघांनी १९७१ साली लिहिलेल्या निबंधात प्रश्न याच रूपात मांडला आहे. आपल्या नकाशातून संकेश्वर-बेळगाव आणि बेळगाव-गोकाक हे दोन लांबचे रस्ते गाळून पाहा. केंद्रांची किमान संख्या चारच राहते. परंतु बैलहोंगलाचा पर्याय बाद होतो, कारण त्यात गोकाक केवळ बेळगावावर विसंबून होते. दहापैकी आठ मांडण्या उरतात.

शेजार कालपरत्वेही बदलतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये घटप्रभेच्या महापुराचे पाणी गोकाक शहरात शिरले होते. अशा दिवसांत हुक्केरी-गोकाक ही रेषा पुसून टाकली पाहिजे. तसे केले, की निपाणी किंवा चिकोडी घेऊन हुक्केरीचा भार गोकाकावर टाकणाऱ्या चारही मांडण्या कोसळतात. मघा जी निपाणीच्या मागणीची किंमत सांगितली, तिचे खरे रूप पावसाळ्यात असे प्रकट होते. शिवाय जे केंद्र स्वतःच पाण्यात जाण्याचा संभव आहे, ते न घेणे शहाणपणाचे. म्हणून गोकाकही वगळले, तर बेळगाव, संकेश्वर, सौंदत्ती आणि रायबाग वा अथणी एवढीच मांडणी शिल्लक राहते. त्यातही रायबाग घेणे बरे, कारण तिच्यामुळे चिकोडीला दोन बाजूंनी आधार मिळतो. हीच गोष्ट शहराच्या पातळीवर बेळगावात रोज अनुभवास येते. टिळकवाडीची रेल्वेफाटके पहिले, दुसरे, तिसरे अशा क्रमांकांनीच लोकांच्या तोंडी आहेत. फाटक उघडे असताना त्याच्या दोन बाजू शेजारी असतात, आणि गाडी येत असताना नसतात. उड्डाणपूल बांधणे म्हणजे आलेखाच्या भाषेत एखादी लहरी रेषा कायमची करणे होय.

शेवटी एक रेषा अशी राहते, की जी आपण आरंभापासून काढलीच नाही. निपाणीच्या उत्तरेस त्याच महामार्गावर सुमारे २० किलोमीटरवर कागल आहे. ते कोल्हापूर जिल्ह्यातले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि निपाणी तत्कालीन म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेली. कागल मुंबई राज्यात व १९६० पासून महाराष्ट्रात. रस्ता होता तसाच राहिला. पण जिल्ह्याचा नकाशा काढणारा मनुष्य आपली लेखणी सीमेपाशी थांबवितो, आणि आपणही नकळत तेच केले. आता समजा, कागलला केंद्र आहे आणि तेथील बंब निपाणीसाठी येतो असा करार आहे. मग निपाणी ही आपली साक्षीदार उरत नाही, आणि खालची मर्यादा चारांवरून तीनवर येते. तीन पुरतातही : बेळगाव, रायबाग आणि गोकाक. बेळगावाने सहा गावे राखली, रायबागेने तीन, गोकाकाने उरलेली हुक्केरी व सौंदत्ती, आणि निपाणी कागलाने. तीन केंद्रांची दुसरी कोणतीही मांडणी होत नाही, हे वाचकाने वरच्याच रीतीने तपासून पाहावे.

म्हणजे सीमा ओलांडणाऱ्या एका रेषेने एक केंद्र वाचते. मात्र या मांडणीत संकेश्वर पन्नास किलोमीटरवरच्या बेळगावावर आणि हुक्केरी पूरग्रस्त होणाऱ्या गोकाकावर सोपविलेली आहे. यांपैकी कोणतीही एक रेषा तुटली, तरी पुन्हा चार केंद्रे लागतात. तेव्हा कराराचे मोल केवळ वाचलेल्या केंद्रात मोजू नये. चौथे केंद्र संकेश्वरास ठेवून कागलशी करार केला, तर निपाणीला दोन बाजूंनी आधार मिळतो. आणि निपाणीच्या वखारींना एका केंद्राच्या बचतीपेक्षा हाच आधार अधिक उपयोगी पडेल.